सहा हजार शाफ्टची ब्लँकेट ऑर्डर आणि मधेच बदललेलं ड्रॉइंग

आमचा कारखाना लहान आहे. आम्ही छोटे पंप बनवतो आणि परचेसचं काम मी एकटा बघतो. पंपातला सगळ्यात जास्त लागणारा बाहेरचा पार्ट म्हणजे शाफ्ट. १६ मिलिमीटर व्यासाचा, १४२ मिलिमीटर लांब, एका टोकाला की-वे म्हणजे चावी बसायची खाच आणि मधे सील बसण्यासाठी १४ मिलिमीटरची ग्राइंड केलेली जागा. महिन्याला साधारण ५०० लागत. हा शाफ्ट एका छोट्या मशीनशॉपकडून येतो, आमच्यासारख्याच मोजक्या माणसांवर चालणाऱ्या. या एका पार्टसाठी आम्ही पहिल्यांदा ब्लँकेट ऑर्डर, म्हणजे वर्षभराच्या मालाची एकच ऑर्डर, केली, पाच महिन्यांत ती मोडली आणि मग दुसरी केली. त्याचीच ही पूर्ण हकीकत. भावाचे आकडे कुठल्याही चलनात न देता, जुना नगाचा भाव १०० धरून दिले आहेत.

आधी आम्ही दर वेळी ३०० नगांची वेगळी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढायचो. वर्षाला वीस पीओ. दर वेळी कोटेशन, दर वेळी थोडी घासाघीस, आणि दर वेळी त्यांच्याकडे मशीनची नव्याने सेटिंग. भाव १००. आम्ही वर्षाचे ६,००० नग एकत्र बोलायचं ठरवलं. एकच ऑर्डर, बारा महिन्यांची मुदत, एकच रेट आणि दर पंधरवड्याला २५० ची रिलीज, म्हणजे 'त्या ऑर्डरमधले एवढे आता पाठवा' अशी मागणी. वर्षात २४ रिलीज. पुरवठादाराने रेट दिला ९२.

हे आठ कुठून आले, ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळणार नाही. आमचं तेव्हा तिथेच चुकलं. ९२ ऐकून आम्ही खूश झालो आणि सही केली. नंतर, सगळं बिघडल्यावर, त्यांच्यासोबत बसून मी तो हिशोब कागदावर मांडला. जुन्या १०० मध्ये मटेरियल ४२, मशीनिंग ४०, सेटिंग आणि पहिल्या नगाची तपासणी ८, आणि वरखर्च-नफा १० होता. एका सेटिंगमध्ये सलग काढलेले नग म्हणजे एक लॉट, आणि सेटिंगचा एका लॉटचा खर्च २,४०० येतो. लॉट ३०० चा असला तर नगामागे ८ पडतात, १,००० चा असला तर २.४. बार, म्हणजे ज्यातून शाफ्ट कापतात तो धातूचा लांब दांडा, पण तसाच. थोडा थोडा घेतला तर महाग पडतो, १,२०० शाफ्टला पुरेल एवढा म्हणजे तीन मीटरचे ६० बार एकदम घेतले तर मटेरियल ४२ वरून ३९ वर येतं. म्हणून नवा हिशोब असा झाला: मटेरियल ३९, मशीनिंग ४०, सेटिंग २.४, तयार माल सांभाळण्याचे ०.६, आणि १० तेच. बेरीज ९२.

आता नीट बघा, मशीनिंग एक पैसाही स्वस्त झालं नाही. नफाही कमी झाला नाही. सगळी बचत दोनच गोष्टींतून आली: पुरवठादार आम्ही मागायच्या आधी १,००० नग बनवून ठेवतो, आणि त्याच्याही आधी १,२०० नगांचा बार आणून ठेवतो. आम्हाला मिळालेली सूट म्हणजे त्यांच्या रॅकवर पडलेल्या, आम्ही अजून न मागितलेल्या मालाची किंमत होती. असा माल कायम राहणारच, नाहीतर ९२ चा रेट उभाच राहत नाही. मग प्रश्न उरतो की तो माल कुणाचा. आमच्या पहिल्या ऑर्डरमध्ये याचं उत्तर नव्हतं. तिच्यात लिहिलं होतं: अंदाजे ६,००० नग, रेट ९२, मुदत बारा महिने, डिलिव्हरी शेड्यूलप्रमाणे. बस एवढंच.

यातला 'अंदाजे' हा शब्द दोघांनी दोन अर्थांनी वाचला. आम्ही वाचलं, कमी घेतले तरी चालेल. त्यांनी वाचलं, थोडे इकडेतिकडे होतील पण सहा हजार जाणार.

पहिला धक्का मात्र मोजदादीतून बसला. तो लहान होता, पण त्यातून रिलीज हा प्रकारच आम्हाला कळला नव्हता हे दिसलं. सहाव्या रिलीजमधले ४० शाफ्ट की-वे रुंद झाला म्हणून परत गेले. पुरवठादाराने सातव्या रिलीजबरोबर ते बदलून दिले, म्हणजे मालाबरोबर आलेल्या डिलिव्हरी चलनावर २५० ऐवजी २९०. चलनावर बदलीचं काही लिहिलेलं नव्हतं. आमच्या स्टोअरने पाहिलं, रिलीज २५० ची, माल २९० आला, म्हणजे ४० जास्त. पुढच्या रिलीजमध्ये स्टोअरने स्वतःहूनच ते वळते केले आणि मेसेज गेला, '२१० पाठवा'. त्यांनी २१० पाठवले. आम्ही शाफ्टचा साठा मुद्दाम कमी केला होता, आता दर पंधरवड्याला येतातच म्हणून. त्या पंधरवड्याच्या शेवटी असेंब्लीला बरोबर ४० शाफ्ट कमी पडले आणि लाइन एक दिवस थांबली. पुरवठादाराने रात्रीतून ४० दिले म्हणून एकावर निभावलं.

एकेका रिलीजचा वेगळा हिशोब ठेवला की हे होतंच. परत गेलेला माल, बदलून आलेला माल, कमी आलेला माल, हे सगळं पुढच्या रिलीजमध्ये मिसळतं आणि कुणाचं कुणाला देणं आहे ते कळेनासं होतं. आजवरच्या एकूण बेरजेने हिशोब केला तर प्रश्न एका वजाबाकीत सुटतो. सातव्या रिलीजपर्यंत आम्ही मागितलेले एकूण सात गुणिले २५०, म्हणजे १,७५०. पास होऊन स्टोअरमध्ये जमा झालेले एकूण: पहिल्या सहांत १,५०० मधून ४० वजा, १,४६०, त्यात सातव्याचे २९०, म्हणजे १,७५०. बाकी शून्य. कुणाचेही ४० जास्त नव्हते. आठव्यापर्यंतची मागणी २,०००, त्यातून १,७५० वजा, पाठवायचे २५०. हा आकडा स्टोअरसमोर असता तर २१० चा मेसेज गेलाच नसता. एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. बेरीज पास झालेल्या मालाची धरायची, चलनावर आलेल्या मालाची नाही. नाहीतर रिजेक्शन पोटात लपून राहतं.

दहाव्या रिलीजनंतर खरा प्रसंग आला. आजवर मागितलेले २,५००, जमा २,५००, हिशोब चोख. त्याच आठवड्यात डिझाइनने नवं सील पक्कं केलं. सील बसायची जागा १४ वरून १२ मिलिमीटर झाली. ड्रॉइंगची रिव्हिजन बी ची सी झाली आणि सूचना माझ्याकडे आली, 'पुढच्या शाफ्टपासून लागू'. नेमकं तेव्हाच विक्रीनेही सांगितलं की पुढचे काही महिने मागणी ५०० वरून ३०० वर येईल.

मी पुरवठादाराला फोन केला आणि म्हणालो, "अकरावी रिलीज थांबवा, ड्रॉइंग बदललंय."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "साहेब, तुम्ही एकदा येऊन रॅक बघून जा. मग काय ते बोलू."

मी गेलो. रॅकवर तेलकागदात गुंडाळलेले ४६० तयार शाफ्ट होते, प्रत्येक बंडलावर खडूने 'रिव्ह. बी' लिहिलेलं. भिंतीशी ३० बार, ६०० शाफ्टचे. आणि टेबलावर दहा दिवसांपूर्वी स्टॉकिस्टला दिलेली ६० बारची ऑर्डर, आणखी १,२०० शाफ्टची, आता रद्द न होणारी. माझ्या मनात पहिला विचार आला की यांनी एवढी घाई का केली. मग गणित केलं. तयार ४६० म्हणजे चार आठवड्यांहूनही कमी. त्यानंतर पुढचा १,००० चा लॉट लावायचा, तर बार ६०० चाच. नवा बार यायला सात आठवडे लागतात. म्हणजे घाई तर नव्हतीच, उलट त्यांना थोडा उशीरच झाला होता. ९२ च्या रेटला जे करायला हवं होतं तेच त्यांनी केलं होतं.

पैशांत बोलायचं तर तयार माल ४६० गुणिले ९२, म्हणजे ४२,३२०, आणि बार १,८०० गुणिले ३९, म्हणजे ७०,२००. एवढी रक्कम त्या छोट्या शॉपच्या डोक्यावर होती, आणि आमच्या कागदावर तिच्याबद्दल एक ओळही नव्हती. 'आम्ही रिलीज दिलेली नाही' असं म्हणून हात वर करणं कागदाने आम्हाला शक्य होतं. ते मला पटलं नाही, आणि व्यवहार म्हणूनही ते खुळेपणाचंच ठरलं असतं. त्या दिवसापासून आम्ही मागितल्याशिवाय आमचा एकही पार्ट त्यांनी बनवला नसता आणि भाव पुन्हा १०० वर गेला असता.

मग आम्ही मालाचे वेगवेगळे ढीग करून एकेकाचं बोललो, आणि त्यामुळेच बोलणं पुढे सरकलं. एकच मोठी रक्कम समोर ठेवली असती तर दोघंही हटून बसलो असतो.

बारचा ढीग सगळ्यात मोठा, पण सगळ्यात सोपा. नव्या रिव्हिजनचा शाफ्टही त्याच बारमधून निघतो. म्हणजे बार वाया जात नव्हता, फक्त जास्त काळ पडून राहणार होता. आम्ही लिहून दिलं की पुढच्या नऊ महिन्यांत हे १,८०० नगांचे बार आमच्या शाफ्टमध्ये वापरले गेले नाहीत, तर उरलेले बार मटेरियलच्या भावाने आम्ही उचलू.

तयार ४६० चा ढीग अवघड वाटत होता. सीलची जागा मोठी झाली असती तर ते थेट भंगारात गेले असते. ती लहान झाली होती, त्यामुळे लेथवर उतरवून पुन्हा ग्राइंड करणं शक्य होतं. खर्च नगामागे ११. पण त्याआधी आमच्या सर्व्हिसवाल्याने एक गोष्ट लक्षात आणून दिली, जी डिझाइन आणि मी दोघंही विसरलो होतो: ग्राहकांकडे चालू असलेल्या सगळ्या पंपांत जुनंच सील आहे, त्यांना स्पेअर म्हणून जुनाच शाफ्ट लागणार. महिन्याला साधारण दहा. म्हणून १२० शाफ्ट आहेत तसे ठेवले, वर्षभराचे स्पेअर. उरलेल्या ३४० वर पुन्हा काम, ३,७४० खर्च आमच्या नावे. त्यात १४ बिघडले, तेही आम्ही सोसले.

तिसरा मुद्दा त्यांनी काढला. "सहा हजार झाले नाहीत. मग गेलेल्या अडीच हजारांचा भाव ९२ कसा?" त्यांना मागच्या मालाचा फरक हवा होता. यावर मात्र मी नाही म्हटलं, आणि आजही मला ते बरोबर वाटतं. त्यांनी तिन्ही लॉट १,००० चेच काढले होते, तिन्ही वेळा बार ६० चाच घेतला होता. गेलेल्या मालात आठची बचत त्यांना खरोखर झाली होती. वर्षाचा आकडा अपुरा राहिला म्हणून ती मागे जाऊन नाहीशी होत नाही. हिशोब मांडून दाखवल्यावर त्यांनी तो मुद्दा सोडला.

आमच्या बाजूने एकूण पाहिलं तर २,५०० नगांवर आठप्रमाणे २०,००० वाचले, पुन्हा केलेल्या कामाचे ३,७४० आणि बिघडलेल्या चौदांचे १,२८८ गेले. लाइन थांबलेला दिवस वेगळा. तोटा झाला नाही, पण तो झाला नाही यात योगायोगाचा वाटा मोठा होता: सीलची जागा नेमकी लहान झाली होती.

पहिली ऑर्डर तिथेच शॉर्ट क्लोज केली, म्हणजे उरलेले नग न घेता बंद केली. दुसरी लिहायला आम्हाला दोन बैठका लागल्या.

तिच्यात वर्षाचा आकडा ३,६०० आहे, आणि समोर स्पष्ट लिहिलं आहे की हा अंदाज आहे, घेण्याची हमी नाही. हमी वेगळ्या दोन ओळींत आहे. कुठल्याही क्षणी जास्तीत जास्त ६०० तयार नग आमच्या जबाबदारीवर, ते आम्ही घेणारच. त्याशिवाय जास्तीत जास्त १,२०० नगांचा बार आमच्या जबाबदारीवर, पण फक्त मटेरियलच्या भावाने. याच्या पलीकडे पुरवठादाराने काही बनवलं किंवा आणलं तर ते त्याच्या जोखमीवर.

बहुतेक ठिकाणी हे आठवड्यांत लिहिलेलं असतं: पहिले चार आठवडे पक्के, पुढचे आठ आठवडे फक्त मटेरियल, त्यापुढे अंदाज. आम्हीही आधी तसंच लिहिलं होतं. पण ३०० महिन्याला या वेगाने चार आठवड्यांत साधारण ३०० नग होतात, आणि लॉट तर ६०० चा ठरला होता. म्हणजे लॉट लावला त्याच दिवशी निम्मा माल पक्क्या मुदतीच्या बाहेर जात होता. पक्की मुदत लॉटपेक्षा लहान असली की पुरवठादार एक तर लॉट लहान करतो, मग भाव टिकत नाही, किंवा गुपचूप जोखीम घेतो, आणि मग एक दिवस तुम्हाला रॅक बघायला बोलावतो. म्हणून आम्ही मुदत सोडून नगांत लिहिलं, आणि तो आकडा लॉटवरूनच घेतला.

भावही वार्षिक आकड्याला न बांधता लॉटला बांधला. ६०० च्या लॉटला सेटिंग नगामागे ४ पडतं, माल जरा जास्त दिवस राहतो म्हणून सांभाळण्याचा १, बाकी तेच: ३९, ४०, १०. भाव ९४. लॉट पुन्हा १,००० चा करता आला तर ९२. मागच्या मालाचा फरक हा वादच त्यामुळे उरत नाही, कारण प्रत्येक लॉटचा भाव तो लॉट लावतानाच ठरलेला असतो. आणि धातूचा भाव ५ टक्क्यांहून जास्त हलला, तर फक्त ३९ चा भाग बदलायचा. बार १० टक्के महागला तर वाढ ३.९ होईल. संपूर्ण ९४ वर १० टक्के लावून ९.४ मागितले, तर मशीनिंग आणि नफाही विनाकारण फुगतो.

आमच्या मालकांना 'हमी' हा शब्द खटकला. त्यांना मी हे दाखवलं: ६०० तयार नग ९४ ने म्हणजे ५६,४००, आणि १,२०० चा बार ३९ ने म्हणजे ४६,८००. मिळून १,०३,२००. वर्षाच्या पूर्ण ऑर्डरची किंमत ३,३८,४००. म्हणजे कितीही वाईट झालं तरी आम्ही तीस टक्क्यांच्या आसपासच अडकतो. पहिल्या ऑर्डरमध्ये आपण कितीला अडकलो आहोत हे कुणालाच सांगता आलं नसतं. त्यांनी सही केली.

रिलीज आता फोनवर जात नाही. पंधरवड्याला एक चिठ्ठी जाते, तिच्यात पाचच ओळी असतात:

ऑर्डर क्रमांक आणि रिलीज क्रमांक
ड्रॉइंग रिव्हिजन
आजवर मागितलेले एकूण, आजवर पास झालेले एकूण, आता पाठवायचे
तयार माल बनवायची परवानगी, आजवर एकूण किती नगांपर्यंत
बार आणायची परवानगी, आजवर एकूण किती नगांपर्यंत

शेवटच्या दोन ओळी दोघांनाही सगळ्यात उपयोगी पडतात. पुरवठादाराला पाहिजे तेव्हा आमच्या जबाबदारीचा आकडा स्वतः काढता येतो, मला विचारायची गरज पडत नाही. आम्हाला मागणी घटताना दिसली की आम्ही त्या दोन आकड्यांना पुढे सरकू देत नाही. चालू रिलीज तशीच सुरू राहते, पण नवा लॉट लागत नाही आणि नवा बार येत नाही. थांबवण्याचा फोन करायची वेळच येत नाही.

एक बदल परचेसच्या बाहेरही करावा लागला. डिझाइनच्या बदल-सूचनेत आता एक रिकामी जागा आहे: 'पुरवठादाराकडे तयार किती, बार किती'. ती भरल्याशिवाय सूचना पुढे जात नाही. 'पुढच्या शाफ्टपासून लागू' असं लिहायला कुणी बसलं, की आधी मला विचारावं लागतं की पुढचा शाफ्ट आत्ता कुणाच्या रॅकवर आहे.

सगळ्या पार्टांना आम्ही हे लावलं नाही. आमचा एक मोठा शाफ्ट आहे, वर्षात तीनदा कधीतरी लागतो, कधी ४० तर कधी १५०. त्याला ब्लँकेट ऑर्डर करून काही मिळत नाही. लॉट ठरवता येत नाही, म्हणून बचत नाही, आणि तयार माल पडून राहिला तर तो वर्षभर पडतो. तो अजून साध्या पीओवरच आहे, भाव जास्त देऊन.

दुसऱ्या ऑर्डरची अकरावी रिलीज मागच्या आठवड्यात गेली. जुन्या १,८०० नगांच्या बारपैकी सात बार अजून त्या भिंतीशी आहेत, प्रत्येकाच्या टोकाला आमचा ऑर्डर क्रमांक खडूने लिहिलेला.